बाळाच्या लसीकरणाच्या कॅलेंडर-नोंदी (आई, बाबा आणि आजी यांच्यासाठी सामाईक)

सर्व नोंदींना लागू असलेली सूचना

बाळाचा जन्म ५ जानेवारी २०२६ रोजी झाला असून बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि कावीळ-बची लस जन्मानंतर दवाखान्यातच देऊन झाली आहे. पुढील तारखा लसीकरण कार्डावरून घेतल्या आहेत. कार्ड आणि कॅलेंडर यांत फरक दिसल्यास कार्ड प्रमाण मानावे. लस देऊन झाल्याची कार्डावर नोंद झालेली स्वतः पाहिल्याशिवाय कोणीही येथे "झाले" असे लिहू नये.

२ फेब्रुवारी : बीसीजीची जागा पाहणे

डाव्या दंडावर या सुमारास लहान पुटकुळी येऊन ती पुढे फुटते आणि काही आठवड्यांत व्रण ठेवून भरते. हे अपेक्षितच आहे. तिच्यावर मलम किंवा पावडर लावू नये, पट्टी बांधू नये आणि ती दाबू नये. काखेत गाठ वाढताना दिसली तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

१६ फेब्रुवारी, १६ मार्च, १३ एप्रिल, सकाळी १० : सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी

तिन्ही भेटींत पंचगुणी लस (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब), पोलिओ व रोटाव्हायरसचे डोस आहेत; न्युमोकोकल लस पहिल्या व तिसऱ्या भेटीत आहे. ही नोंद दरमहा न ठेवता दर चार आठवड्यांनी ठेवली आहे, कारण कार्डावरील वयाची मोजणी आठवड्यांची आहे. मासिक नोंदीत तिसरी भेट १६ एप्रिलला गेली असती.

```
DTSTART:20260216T100000
RRULE:FREQ=WEEKLY;INTERVAL=4;COUNT=3
```

चौदा दिवस आधीची सूचना : वेळ ठरवून घ्यावी आणि सोबत कोण जाणार, रजा कोणी घ्यायची, हे त्याच दिवशी ठरवावे. आदल्या दिवशी रजा मागणे दोघांनाही जमणारे नाही, म्हणूनच ही सूचना इतकी लवकर वाजते.

तीन दिवस आधीची सूचना : कार्ड हाताशी असल्याची खात्री करावी. साधी सर्दी किंवा किरकोळ खोकला असला तरी लस घेता येते, त्यामुळे आपणच भेट रद्द करू नये. जास्त ताप असेल किंवा बाळ खरोखरच आजारी वाटत असेल तर फोन करून विचारावे.

आदल्या संध्याकाळची सूचना : मांडी सहज उघडी करता येईल असे कपडे, लंगोट, कार्ड आणि मागील डोसनंतर काही वेगळे घडले असल्यास त्याची टिपण पिशवीत ठेवावी. ताप येऊ नये म्हणून आधीच पॅरासिटॅमॉल देऊ नये. नंतर द्यावे लागल्यास वजनानुसार किती द्यायचे, हे भेटीतच विचारून घ्यावे.

लस दिल्यावर अर्धा तास तेथेच थांबावे. एक-दोन दिवस ताप, किरकिर आणि टोचल्या जागी सूज राहू शकते. श्वासाला त्रास, झटके, अंग सैल पडणे किंवा तासन्‌तास न थांबणारे रडणे दिसल्यास वाट न पाहता दवाखान्यात जावे.

एखादी भेट लांबल्यास

फक्त त्या दिवसाची नोंद सरकवणे पुरेसे नाही. समजा, दुसरी भेट १६ ऐवजी २३ मार्चला झाली; तर तिसरी १३ एप्रिललाच ठेवल्यास दोन डोसांत एकवीसच दिवस उरतात, आणि अंतर किमान चार आठवड्यांचे हवे. म्हणून बदल करताना "ही आणि यापुढील सर्व नोंदी" हा पर्याय निवडावा, म्हणजे तिसरी भेट २० एप्रिलला जाईल. उशीर झाला म्हणून आधीचे डोस वाया जात नाहीत आणि पहिल्यापासून सुरुवातही करावी लागत नाही. रोटाव्हायरसच्या डोसांना वयाची मर्यादा असल्यामुळे त्या बाबतीत उशीर होताच विचारून घ्यावे.

५ ऑक्टोबर २०२६ : नऊ महिने

गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस आणि न्युमोकोकलचा वर्धक डोस. सूचना चार आठवडे, एक आठवडा आणि एक दिवस आधी. मधल्या काही महिन्यांत एकही भेट नसल्यामुळे कार्ड कोठे ठेवले याचा विसर पडण्याचा धोका येथेच सर्वांत जास्त आहे. म्हणून चार आठवडे आधीच्या सूचनेचे पहिले काम कार्ड शोधणे हे आहे.

१२ ऑक्टोबर : पाठपुरावा

गोवर-रुबेलाच्या लसीनंतर ताप किंवा पुरळ साधारण सातव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येऊ शकते. एवढ्या दिवसांनी आलेल्या तापाचा लसीशी संबंध लक्षात येत नाही, म्हणून ही वेगळी नोंद केली आहे. डॉक्टरांना दाखवताना लसीची तारीख आवर्जून सांगावी.

५ मे २०२७ : सोळा महिने

गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणी व पोलिओचे वर्धक डोस. हे डोस चोविसाव्या महिन्यापर्यंत घेता येतात, परंतु त्या सवलतीवर विसंबून राहू नये. "झाले" असे लिहिले जाईपर्यंत ही नोंद दर सोमवारी पुन्हा दिसेल.

६ जानेवारी २०३१ : पाच वर्षे

त्रिगुणी लसीचा दुसरा वर्धक डोस. वाढदिवस रविवारी येत असल्याने नोंद सोमवारी ठेवली आहे. कॅलेंडरची सूचना चार आठवड्यांहून आधी लावता येत नसल्यामुळे ४ नोव्हेंबर २०३० रोजी स्वतंत्र नोंद केली आहे. त्या दिवशी फोन किंवा खाते बदलले असल्यास या सर्व नोंदी नव्या ठिकाणी आल्या आहेत का ते पाहावे आणि शाळाप्रवेशासाठी कार्डाची प्रत काढून ठेवावी.