दिवाळीआधीचे बारा व्हिडिओ: डहाणूकर कॉलनीतल्या सलूनचा आराखडा

५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर २०२६. कागद काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

डहाणूकर कॉलनी, कर्वेनगर, वनाज या भागातल्या बायकांनी फोन करावा, एवढ्यासाठीच हे व्हिडिओ आहेत. नागपूरच्या कुणाला व्हिडिओ आवडला तर छानच, पण ती आयब्रो करायला इथे येणार नाही. म्हणून पहिल्या तीन सेकंदांत पडद्यावर ‘कोथरूड’ दिसलंच पाहिजे. बोर्डावर ‘सलून’ आहे, पण बऱ्याच जणी ‘पार्लर’ म्हणतात. कॅप्शनमध्ये दोन्ही शब्द घाला.

शूटिंग

मंगळवारी दुपारी २ ते ४, खुर्च्या रिकाम्या असतात तेव्हा. एका बैठकीत तीन व्हिडिओ. फोन उभा, ट्रायपॉडवर, आरशाला तिरका. समोर ठेवला तर आरशात फोन आणि मागची टॉवेलची बादली दिसते.

कलरचं शूटिंग खिडकीजवळच्या खुर्चीवर करा आणि वरची ट्यूब बंद ठेवा. ऊन आणि ट्यूब एकत्र आले की तपकिरी केस कधी हिरवट, कधी नारिंगी दिसतात. मग गिऱ्हाईक ‘व्हिडिओतला रंग’ मागतं. आधीचा आणि नंतरचा शॉट एकाच जागी, एकाच उजेडात. पडद्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा. ड्रायरच्या आवाजात बोलू नका. आवाज नंतर, पंखा बंद करून रेकॉर्ड करा. अक्षरं मध्यभागाच्या थोडी वर हवीत, कारण खालचा आणि उजवा भाग बटणांखाली जातो.

चेहरा दिसणार असेल तर वहीत लेखी परवानगी आणि सही. ‘चालेल गं’ पुरेसं नाही. अठराच्या आतली मुलगी असेल तर पालकांची सही.

स्क्रिप्ट १: ‘दोनच इंच’ (२४ सेकंद)

०–४: ओल्या कुरळ्या केसांशेजारी मोजपट्टी. पडद्यावर: दोन इंच म्हणजे किती? | कोथरूड
आवाज: ‘दोनच इंच काप गं’ म्हणालात, आणि घरी गेल्यावर चार गेल्यासारखे वाटले?

४–११: एक बट ताणून सोडायची.
आवाज: कुरळे केस ओले असताना लांब दिसतात. वाळले की वर चढतात.

११–१९: बोटांत केस धरून आरशात दाखवायचे.
आवाज: म्हणून लांबी आम्ही कोरड्या केसांवर ठरवतो. तुम्ही ‘हो’ म्हणालात, की मगच कात्री.

१९–२४: तयार कट, मागून.
आवाज: धुणं, ब्लो ड्राय धरून ४५० रुपये. फोन करून वेळ घ्या.

स्क्रिप्ट २: कलरआधीची टेस्ट (२८ सेकंद)

०–५: कानामागे कलरचा ठिपका, जवळून. पडद्यावर: दिवाळीत कलर? आधी हे | कोथरूड
आवाज: दिवाळीला कलर करायचाय? आधी दोन मिनिटं येऊन जा.

५–१३: आवाज: कानामागे थेंबभर लावतो. ४८ तास लक्ष ठेवा. खाज, लाली, सूज आली तर तो कलर लावायचा नाही, घरीही नाही.

१३–२१: आवाज: मागच्या वर्षी काही झालं नव्हतं? तरी टेस्ट करा. ॲलर्जी नंतरही सुरू होते.

२१–२८: मुळांचा आधी-नंतरचा शॉट.
आवाज: टेस्टचे पैसे नाहीत. रूट टच-अप ९०० रुपये.

कधी टाकायचे

बुधवार आणि शुक्रवार रात्री ८.३०, रविवार सकाळी ११. ‘दोनच इंच’ ७ तारखेलाच टाका: ११ला घटस्थापना आहे आणि नवरात्रात बऱ्याच घरांत केस कापत नाहीत. दसऱ्यापर्यंत फेशियल, मेनिक्युअर आणि १६ला कलर टेस्ट; २१पासून पुन्हा कट आणि कलर. दोन व्हिडिओ कायम शिलकीत ठेवा, कुणी आजारी पडलं की तेच वाचवतात. रोज सकाळी स्टोरीत फक्त रिकामी वेळ: ‘आज ३ वाजता जागा आहे’. बिझनेस अकाउंटवर सिनेमाची गाणी बरेचदा मिळत नाहीत; आपला आवाज पुरे.

तपासणी

सोमवारी पंधरा मिनिटं. प्रत्येक व्हिडिओ सातव्या दिवशी मोजा, नाहीतर जुना-नवा अशी तुलना फसते. लिहायचं: सरासरी किती सेकंद बघितला, किती शेअर, किती सेव्ह. चोवीस सेकंदांपैकी सरासरी सहाही नसतील तर सुरुवात फसली आहे; तोच व्हिडिओ दुसऱ्या पहिल्या शॉटने पुन्हा करा. नीट बघितला पण फोन नाहीत? भाव किंवा ठिकाण नीट दिसलं नसेल. एका व्हिडिओवरून विषय बंद करू नका. त्याच विषयाचे दोन पडले तर सोडा.

खरा आकडा वहीत असेल. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘कुठून कळलं?’ विचारा आणि नावापुढे व्हि (व्हिडिओ), ओ (ओळखीतून) किंवा र (रस्त्यावरून) लिहा. गर्दीत हे पहिलं विसरतं, म्हणून पैसे घेतानाच विचारायचं.

२ नोव्हेंबरपासून लक्ष्मीपूजनापर्यंत, म्हणजे ८ तारखेपर्यंत, शूटिंग नाही. फक्त रिकाम्या वेळेची स्टोरी. खुर्च्या भरल्या की तीही बंद.