रक्ताची फेरी: आठवीच्या वर्गासाठी पाठांतराची कविता

रक्ताभिसरणावरील व्याख्यानाच्या स्लाइड्समध्ये रक्ताचा प्रवास सोळा पायऱ्यांत दिला आहे. प्रत्येक पायरी अचूक असली तरी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना सोळा नावे क्रमाने लक्षात ठेवणे जड जाते, आणि मधले एक नाव निसटले की पुढचा सगळा क्रम ढासळतो. म्हणून तोच क्रम येथे अष्टाक्षरीत बांधला आहे. प्रत्येक ओळीत आठ अक्षरे असल्यामुळे एखादा शब्द गळला तर लय लगेच अडखळते आणि चूक मुलांच्या स्वतःच्याच कानाला कळते.

प्राणवायू झाला उणा,
रक्त येई मागे पुन्हा,
दोन महाशिरांतून
उजव्या अलिंदी, जाणा.

त्रिदलीचे खुले दार,
उजव्या निलयी पार;
झडप मागे मिटता
धमनीत जाई धार.

फुप्फुसांच्या वायुकोशी
देवाणघेवाण होई,
कर्बवायू सोडूनिया
प्राणवायू रक्त घेई.

चार फुप्फुस शिरांनी
डाव्या अलिंदी ते येते,
द्विदलीच्या दारातून
डाव्या निलयी शिरते.

भिंत इथे जाड भारी,
आकुंचनी जोर करी,
महाधमनीची वाट
पोचे अवघ्या शरीरी.

केशवाहिन्यांत जाई,
वायू, अन्नरस देई,
कर्बवायू उचलून
महाशिरी पुन्हा येई.

पहिल्या ओळीतील ‘उणा’ हा शब्द कृपया बदलू नये. स्लाइडवर ‘ऑक्सिजनविरहित रक्त’ असे लिहिले आहे. परंतु विश्रांतीच्या वेळी शरीरातील ऊती रक्तातला सुमारे एक चतुर्थांश प्राणवायूच वापरतात, त्यामुळे हृदयाकडे परतणाऱ्या रक्तात तो बराच शिल्लक असतो. त्याच कारणाने कवितेत निळ्या रक्ताचा उल्लेख कोठेही केलेला नाही. आकृतीतला निळा रंग ही केवळ ओळखीची खूण असून प्रत्यक्षात ते रक्त गडद लालच असते, हे मुलांना एकदा स्पष्ट सांगावे.

दुसऱ्या कडव्यातील ‘धमनी’ ही फुप्फुस धमनी होय. धमनीत नेहमी प्राणवायूयुक्त रक्त असते असा समज मुलांच्या मनात फार लवकर रुजतो, आणि येथे तो मोडतो. हृदयापासून रक्त दूर नेते ती धमनी आणि हृदयाकडे आणते ती शिरा, एवढीच व्याख्या या ओळीपाशी थांबून पक्की करून घ्यावी. मग चौथ्या कडव्यातल्या शिरांमध्ये प्राणवायूयुक्त रक्त का आहे, हे वेगळे समजवावे लागत नाही.

धमनिका आणि शिरिका कवितेतून वगळल्या आहेत. फुप्फुस धमनी आणि महाधमनी यांच्या मुखाशी असलेल्या दोन अर्धचंद्राकृती झडपांची नावेही ओळींत बसवलेली नाहीत, मात्र त्यांना पठणात जागा ठेवली आहे. दुसरे आणि पाचवे कडवे संपताच मुलांनी छातीवर हलकेच थाप देत ‘लब-डब’ म्हणावे. ‘लब’ हा त्रिदली व द्विदली झडपा मिटतानाचा आवाज आहे आणि ‘डब’ हा अर्धचंद्राकृती झडपा मिटतानाचा.

क्रमाने म्हटलेल्या कोणत्याही कवितेत एक धोका असतोच: आधी उजवी बाजू काम करते आणि मग डावी, असे मुलांना वाटू लागते. हृदयाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी आकुंचन पावतात, हे या विषयाचे मर्म आहे आणि नेमके तेच स्लाइड्सच्या ओळीत हरवते. त्यासाठी पाठांतर झाल्यावर वर्गाचे दोन गट करावेत. उजव्या गटाने पहिल्या कडव्यापासून आणि डाव्या गटाने चौथ्या कडव्यापासून एकदमच सुरुवात करावी. दोन्ही गटांची ‘लब-डब’ मग एकाच क्षणी येते, आणि एक गट फुप्फुसांत पोहोचतो तेव्हा दुसरा केशवाहिन्यांत असतो. तीन कडवी झाली की न थांबता प्रत्येक गटाने पुढची तीन म्हणावीत.

पठणाची गती संथ ठेवावी, म्हणजे सहा कडव्यांना साधारण एक मिनिट लागेल. विश्रांतीत प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते आणि त्याच्या शरीरात जवळजवळ तेवढेच रक्त असते, म्हणून रक्ताच्या एका फेरीलाही सरासरी तेवढाच वेळ लागतो. ही गोष्ट ऐकल्यावर मुले कविता घाईने उरकत नाहीत.

तोंडी परीक्षेत कविता सुरुवातीपासून म्हणायला सांगू नये. ‘द्विदलीच्या दारातून’ एवढेच म्हणून पुढची ओळ विचारावी, आणि ती आली की आकृतीत त्या जागी बोट ठेवायला सांगावे.