पाचवी ते आठवीच्या मूल्यमापनातील बदलाबाबत पालकांना सूचना

दिनांक : ९ जून २०२५
प्रति : इयत्ता पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांचे सर्व पालक

सन्माननीय पालक,
सप्रेम नमस्कार.

यंदापासून पाचवी ते आठवीच्या मुलांना गुण देण्याची पद्धत बदलत आहे. आजवर प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी ४० गुण प्रथम सत्र परीक्षेचे होते आणि ६० गुण वार्षिक परीक्षेचे. आता प्रथम सत्र परीक्षा २० गुणांची, वार्षिक परीक्षा ४० गुणांची आणि उरलेले ४० गुण वर्षभराच्या कामाचे असतील. प्रगतिपुस्तकात वर्गातला क्रमांकही यापुढे येणार नाही. नववी आणि दहावीसाठी काहीही बदललेले नाही.

ही पत्रिका लांबली आहे, याची कल्पना आहे. पण मुलाच्या गुणांचा प्रश्न दोन ओळींत सांगून मोकळे होण्यासारखा नाही, म्हणून सवडीने वाचावी ही विनंती.

बदल का केला

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मुले जे पाठ करतात, त्यातले बरेचसे सुट्टी संपेपर्यंत विसरलेले असते. जूनमध्ये नव्या वर्गात अपूर्णांकांची बेरीज विचारली की अनेक हात खाली राहतात. त्याच मुलांनी मार्चमध्ये ती बरोबर सोडवलेली असते. दुसरी अडचण अशी की मूल कुठे अडले आहे हे आम्हाला कळायचे ते उत्तरपत्रिका तपासताना. तोपर्यंत तो धडा मागे पडलेला असायचा आणि मागे वळायला वेळ नसायचा. घटक चाचण्या पूर्वीही होत होत्या, पण त्यांचे गुण कुठेच धरले जात नसल्याने मुले त्या मनावर घेत नव्हती. आणि खरे सांगायचे तर आम्हीही पुरेशा मनावर घेत नव्हतो.

वर्षभराचे ४० गुण कसे मिळतील

यातले २० गुण छोट्या चाचण्यांचे आहेत. प्रत्येक विषयाच्या वर्षातून सहा चाचण्या होतील, प्रत्येक सत्रात तीन. चाचणी १० गुणांची आणि २५ मिनिटांची असेल. त्यातले सात गुण नुकत्याच शिकवलेल्या भागावर आणि तीन गुण आधीच्या भागावर असतील. मागचे अधूनमधून आठवावे लागले की ते टिकते, एवढाच त्यामागचा हेतू आहे. एका दिवशी एकाहून अधिक चाचण्या होणार नाहीत. महिन्याच्या तारखा पहिल्या आठवड्यात मुलांच्या दैनंदिनीत लिहून दिल्या जातील.

सहापैकी ज्या चार चाचण्यांत सर्वांत जास्त गुण मिळाले, त्याच धरल्या जातील. एखादा दिवस कुणाचाही वाईट जातो. त्याची शिक्षा वर्षभर नको. ज्या चाचणीत मुलाला तीन किंवा त्याहून कमी गुण मिळतील, त्या भागाची शाळेच्या वेळेतच उजळणी घेऊन पुन्हा चाचणी घेतली जाईल आणि दोहोंपैकी जास्त गुण नोंदवले जातील. पुन्हा चाचणी दिली म्हणून गुण कापले जाणार नाहीत.

पुढचे १० गुण तोंडी कामाचे. मूल आपण लिहिलेले उत्तर किंवा सोडवलेले उदाहरण शिक्षकांना समजावून सांगेल. हे तीन-चार मिनिटांचे बोलणे असते आणि ते शिक्षकांच्या टेबलाजवळ होते, सगळ्या वर्गासमोर उभे करून नाही. लाजाळू मुलांच्या पालकांनी याची चिंता करू नये. उत्तर अडखळत सांगितले तरी चालेल. ‘हे असे का केलेस?’ याला मुलाकडे काही कारण आहे का, ते पाहायचे आहे.

शेवटचे १० गुण वर्गकाम आणि प्रकल्पाचे. येथे एक गोष्ट स्पष्ट आणि थोड्या गमतीने सांगते. गेली अनेक वर्षे आम्ही प्रकल्पांच्या वह्यांवर पालकांचे सुंदर अक्षर पाहत आलो आहोत. रात्री अकरा वाजता थर्माकोल कापणाऱ्या आईवडिलांविषयी आम्हाला सहानुभूती आहे. आपल्यापैकी अनेकांनी तो त्रास सोसला आहे. यापुढे प्रकल्प शाळेतच, तासिकेतच होतील. साहित्य शाळा देईल. घरून तयार करून आणलेला प्रकल्प स्वीकारला जाणार नाही आणि सजावटीला गुण नसतील. वर्गकामातही सुवाच्य अक्षराला वेगळे गुण नाहीत. चूक दाखवल्यावर मुलाने ती सुधारली का, हे पाहिले जाईल.

उशिरा येणे, गणवेश, वर्गातली बडबड यांचा गुणांशी संबंध राहणार नाही. त्याविषयी बोलायचे असेल तर आम्ही आपल्याशी वेगळे बोलू.

प्रत्यक्षात काय फरक पडेल

समजा, एका मुलीला गणितात प्रथम सत्रात २० पैकी १२ आणि वार्षिक परीक्षेत ४० पैकी २६ गुण मिळाले. सहा चाचण्यांत तिला ४, ६, ७, ९, ८ आणि ५ गुण होते. त्यातले सर्वांत चांगले चार म्हणजे ९, ८, ७ आणि ६, एकूण ४० पैकी ३०. ते निम्मे करून २० पैकी १५. तोंडीत ७ आणि वर्गकाम-प्रकल्पात ८. सगळे मिळून ६८. जुन्या पद्धतीत याच कामगिरीवर तिला ६३ गुण मिळाले असते.

उलटही होऊ शकते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. परीक्षेआधी जोर लावून दोन्ही परीक्षांत ९० टक्के गुण मिळवणाऱ्या मुलाला जुन्या पद्धतीत ९० मिळत होते. त्याच्या वर्षभराच्या कामाला ४० पैकी २४ गुण मिळाले, तर आता त्याची बेरीज ७८ होईल. अशा मुलांना आणि त्यांच्या पालकांना पहिल्या सत्रात धक्का बसण्याची शक्यता आहे. मूल एकदम ‘मागे पडले’ असा अर्थ तेव्हा काढू नये. वर्षभराच्या ४० गुणांत कोणते गुण कुठे गेले, ते वर्गशिक्षकांना विचारावे. बहुतेक वेळा उत्तर साधे निघेल.

आधी शेरा, मग गुण

तपासलेली चाचणी पाच दिवसांत मुलाच्या हाती येईल. तिच्यावर प्रथम फक्त शेरा असेल : काय जमले, कुठे चुकले आणि आता काय करायचे. मूल त्याप्रमाणे दुरुस्ती करील आणि दोन दिवसांनी गुण सांगितले जातील. ‘गुण कुठे आहेत?’ असा प्रश्न घरी पहिल्या दिवशी येणार, हे आम्ही धरून चाललो आहोत.

यामागे आमच्या अनुभवाबरोबर एक जुने संशोधनही आहे. रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ मध्ये इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्या मुलांत. दोन्ही मिळालेल्या मुलांना शेऱ्याचा फारसा उपयोग झाला नाही. आपणही आठवून पाहावे : गुण दिसले की खालचे लाल शाईतले वाक्य आपल्यापैकी किती जण वाचत होतो?

क्रमांक का काढला

मागच्या वर्षी एका वर्गात चौथ्या आणि नवव्या क्रमांकाच्या मुलांत एकूण बेरजेत तीन गुणांचे अंतर होते. तीन गुणांनी एक घर आनंदी झाले आणि दुसऱ्या घरी रडारड झाली. विषयवार गुण, शेरे आणि मागच्या सत्राशी तुलना प्रगतिपुस्तकात पूर्वीसारखीच किंवा अधिक तपशिलाने दिसेल. ती तुलना मुलाची स्वतःशीच असेल. क्रमांक फोनवरून विचारला तरी शिक्षक सांगणार नाहीत, कारण तो काढलाच जाणार नाही. कृपया त्यांना आग्रह करू नये.

गुण शिक्षकांच्या मर्जीवर राहतील का?

पालक प्रतिनिधींच्या बैठकीत हा प्रश्न सर्वाधिक वेळा आला, आणि तो रास्त आहे. तोंडी आणि प्रकल्पाला गुण कशाचे, याचा तक्ता प्रत्येक मुलाच्या वहीत पहिल्याच आठवड्यात चिकटवला जाईल. दर सत्रात प्रत्येक वर्गातील काही मुलांचे काम त्याच विषयाचे दुसरे शिक्षक पुन्हा तपासतील. दोघांच्या गुणांत दोनपेक्षा जास्त फरक आढळला, तर त्या वर्गाचे सगळे काम पुन्हा पाहिले जाईल. मुलाच्या उत्तरपत्रिका आणि नोंदी पाहण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. गुण मान्य नसतील तर ते कळल्यापासून सात दिवसांत वर्गशिक्षकांना लिहून द्यावे. त्यावर निर्णय मी स्वतः देईन आणि तो कारणासह लेखी असेल. तक्रार केली म्हणून मुलाकडे कुणी वेगळ्या नजरेने पाहणार नाही, याची जबाबदारी माझी.

आजारपण आणि विशेष गरजा

एक-दोन चाचण्या चुकल्या तरी काही करावे लागणार नाही, कारण उत्तम चारच धरायच्या आहेत. त्याहून जास्त चुकल्यास आपली चिठ्ठी पुरेशी आहे. मूल परतल्यापासून दहा दिवसांत चाचणी घेतली जाईल. ज्या मुलांना वाचन-लेखनात किंवा ऐकण्या-बोलण्यात अडचण आहे, त्यांना जादा वेळ मिळेल. लेखी उत्तर तोंडी किंवा तोंडी उत्तर लेखी देण्याची मुभाही असेल. याची नोंद प्रगतिपुस्तकात येणार नाही. अशी गरज असल्यास जूनअखेर आम्हाला सांगावे.

आपल्याकडून काय हवे

फार काही नाही. चाचणीसाठी वेगळी शिकवणी लावू नये. तशी गरज पडत असेल तर चाचणी आमच्याकडून चुकीची काढली जात आहे, ते आम्हाला कळवा. चाचणी घरी आली की शेरा मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि ‘मग आता काय करणार?’ एवढे विचारावे. ज्या पालकांना स्वतः वाचणे अवघड जाते, त्यांनाही हे करता येईल.

पहिले वर्ष आहे. आमच्याकडूनही चुका होतील, वेळापत्रक कोलमडेल. प्रथम सत्र संपल्यावर आपले म्हणणे ऐकून आवश्यक ते बदल दुसऱ्या सत्रात करू. मात्र वर्षाच्या मध्येच ६०-४० ही विभागणी बदलणार नाही.

याविषयी बोलण्यासाठी शनिवार, २१ जून रोजी सकाळी १० वाजता शाळेच्या सभागृहात पालकसभा ठेवली आहे. कामामुळे ज्यांना सकाळी जमणार नाही, त्यांच्यासाठी त्याच दिवशी संध्याकाळी ६ वाजता हीच सभा पुन्हा होईल. आजी-आजोबा किंवा घरातील अन्य कुणी आले तरी स्वागत आहे.

सूचना वाचल्याची सही पाल्याच्या दैनंदिनीत शुक्रवार, १३ जूनपर्यंत करावी. सही म्हणजे संमती नव्हे, फक्त वाचल्याची पोच.

आपली विश्वासू,
मुख्याध्यापिका

ता. क. : दैनंदिनीत अजून जुन्या पद्धतीचा गुणतक्ता छापलेला आहे. छपाई निर्णयाआधी झाली होती. तो तक्ता रद्द समजावा; नवा तक्ता त्यावर चिकटवण्यासाठी मुलांना दिला जाईल.