व्याजाच्या मागणी नोटिशीस उत्तर

बेळगाव, दि. 14 मार्च 2025

प्रति,
मा. सक्षम अधिकारी, जीएसटी

विषय: ऑगस्ट 2024 च्या GSTR-3B वरील 7,190 रुपये व्याजाची मागणी

महोदय,

दि. 3 मार्चची आपली नोटीस पोर्टलवर पाहिली. उद्यमबागेत आमचे कास्टिंगच्या मशीनिंगचे वर्कशॉप आहे. त्या महिन्याचा सगळा माल कोल्हापूरकडे, शिरोलीच्या पार्ट्यांना गेला, म्हणून कर पूर्ण आयजीएसटीत आहे. रिटर्न 20 सप्टेंबरला भरायचे होते, ते 20 ऑक्टोबरला भरले. 30 दिवसांचा उशीर झाला, याबद्दल वाद नाही. वाद रकमेचा आहे.

नोटिशीत 4,86,000 रुपयांच्या एकूण करावर 18 टक्क्यांनी 30 दिवसांचे व्याज धरले आहे. पण यातले 4,13,000 रुपये इनपुट टॅक्स क्रेडिटमधून वळते झाले. रोखीने भरले ते 73,000 रुपये. कलम 50(1) च्या परंतुकाप्रमाणे, कारवाई सुरू होण्याआधी भरलेल्या उशिराच्या रिटर्नवर व्याज फक्त कॅश लेजरमधून वळत्या केलेल्या करावर लागते. ही तरतूद 1 जुलै 2017 पासून लागू आहे. आमच्या रिटर्नच्या वेळी कोणतीही कारवाई सुरू नव्हती.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे, 73,000 पैकी 36,500 रुपये 18 सप्टेंबरलाच चलनाने कॅश लेजरला जमा होते. दुसऱ्या पार्टीचे पेमेंट अडकल्यामुळे उरलेले 36,500 भरता आले नाहीत आणि तेवढ्यासाठी रिटर्न थांबले. आधीच्या रकमेला आम्ही मधल्या काळात हात लावलेला नाही; लेजरच्या उताऱ्यात ती 20 ऑक्टोबरपर्यंत जशीच्या तशी दिसते. जुलै 2024 मध्ये नियम 88ब ला जोडलेल्या परंतुकानुसार मुदतीआधी जमा होऊन रिटर्न भरेपर्यंत लेजरमध्येच पडून राहिलेली रक्कम व्याजाच्या हिशेबात धरायची नाही. सरकारकडे पोचलेल्या पैशावर पुन्हा व्याज कशाचे?

म्हणून देय व्याज असे निघते:

36,500 × 18% × 30 ÷ 365 = 540 रुपये

हे 540 रुपये 12 मार्चला DRC-03 ने आयजीएसटी व्याजाच्या सदराखाली भरले आहेत. बाकी 6,650 रुपयांची मागणी कायद्यात बसत नाही.

तरी ही मागणी रद्द करून कारवाई बंद करावी. आपले मत वेगळे असल्यास आदेश काढण्यापूर्वी कलम 75(4) प्रमाणे समक्ष सुनावणी द्यावी. सुनावणीला आमचे कर सल्लागार लेजर घेऊन हजर राहतील. तोवर वसुलीची कारवाई करू नये, विशेषतः बँक खात्याला हात लावू नये. 40 कामगारांचा पगार त्याच खात्यातून होतो.

DRC-06 मध्ये हेच उत्तर इंग्रजीतून दिले असून सोबत कन्नड प्रत आहे. आमच्या वह्या मराठीत असल्याने मूळ पत्र मराठीत लिहिले आहे.

सोबत: 18 सप्टेंबरचे चलन, सप्टेंबर-ऑक्टोबरचे कॅश व क्रेडिट लेजर, GSTR-3B, DRC-03 ची पावती.

आपला विश्वासू,
(सही)
दत्तात्रय पाटील
मालक