पक्षिनिरीक्षण ग्रुपवरील माझा पहिला संदेश

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आज सकाळी अॅडमिननी मला या ग्रुपमध्ये समाविष्ट करून घेतले, त्याबद्दल त्यांचे मनःपूर्वक आभार. मी सुनंदा. बँकेतून निवृत्त झाल्यावर सांगलीत विश्रामबागला राहायला आले आणि पहाटेच्या फिरण्यातून पक्षी पाहण्याची गोडी लागली. माझ्याकडे साधी आठ बाय चाळीसची दुर्बीण आणि एक नोंदवही आहे. कॅमेरा नाही, त्यामुळे माझ्याकडून छायाचित्रांपेक्षा तारीख, वेळ, जागा आणि संख्या अशा नोंदीच जास्त येतील.

माझे पाहणे बहुतेक हरिपूरच्या संगमावर होते. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात तिथल्या काठावर खंड्या, पाणकावळे आणि बगळे रोज दिसतात, पण ऑक्टोबर लागला की माझे लक्ष धोबी पक्ष्यांकडे असते. बारमाही राहणाऱ्या मोठ्या धोब्याचे डोके आणि पाठ काळी असून डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई असते, तर हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पांढऱ्या धोब्याचा चेहरा पांढरा आणि पाठ राखाडी असते. इतके मला ओळखता येते. पिवळ्या छटेच्या धोब्यांमध्ये मात्र, विशेषतः पिल्लावस्थेतून नुकतेच बाहेर पडलेले पक्षी समोर असले की, माझा गोंधळ होतो. आपल्यापैकी कोणी काठावर सोबत उभे राहून ते दाखवले तर मोठे उपकार होतील, कारण पुस्तकातील चित्रात पक्षी शेपटी हलवत नाही.

ग्रुपचे नियम वाचले आणि पटले. विणीच्या हंगामात घरट्याचे ठिकाण किंवा जवळून घेतलेले छायाचित्र टाकू नये, हा नियम तर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गर्दी झाली की आई-बाप पक्षी घरटे सोडून जाऊ शकतात. सुप्रभातच्या फुलांची बंदीही मी आनंदाने पाळेन.

मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. त्या आठवड्यातल्या गणनेसाठी हरिपूरचा काठ कोणाकडे नसेल, तर मी तो घेईन. आकडे व्यवस्थित मांडण्याचे काम आयुष्यभर केले आहे, तेव्हा सगळ्यांच्या याद्या एकत्र करून तक्ता तयार करण्याची जबाबदारीही माझ्याकडे द्यायला हरकत नाही.

येत्या रविवारच्या सागरेश्वर फेरीला मी येणार आहे. विश्रामबागकडून निघणाऱ्या एखाद्या गाडीत जागा असल्यास कृपया शुक्रवारपर्यंत कळवावे. पेट्रोलचा वाटा मी देईनच, शिवाय सर्वांपुरते थालीपीठ आणि लोणी सोबत आणेन.

आपली नम्र,
सुनंदा