शब्दकोडे: विज्ञान परिभाषेची उजळणी चाचणी

इयत्ता नववी | एकूण गुण २० | वेळ ४० मिनिटे

आधी हे वाचा. एका चौकोनात एकच अक्षर, त्याच्या काना, मात्रा, वेलांटी आणि अनुस्वारासकट. जोडाक्षर फोडायचे नाही: ‘स्पर्श’ लिहायचा झाला तर ‘स्प’ एका चौकोनात आणि ‘र्श’ दुसऱ्यात. रफाराला वेगळा चौकोन दिलात की पुढचे सगळे गणित चुकते. शिसपेन वापरा, खोडायची वेळ येणारच. पुस्तक मिटलेले. सोप्या वाटणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात केली तरी हरकत नाही, क्रमाने जायची सक्ती नाही.

भाग १: आडवे-उभे (९ गुण)

१ □ २ □ □ ■
□ ■ □ ■ ■ ■
□ ■ ३ □ □ ■
□ ■ □ ■ ■ ४
■ ५ □ ६ ■ □
■ ■ ■ ७ □ □
■ ■ ■ □ ■ ■
८ □ □ □ ■ ■

*आडवे शब्द*

१. (५ अक्षरे) प्रकाशकिरण गुळगुळीत पृष्ठभागावर आदळून त्याच माध्यमात मागे फिरतो. आपाती कोन जेवढा, तेवढाच दुसऱ्या बाजूचा कोन. ध्वनीचेही असेच होते; मात्र मूळ आवाज आणि परतलेला आवाज वेगवेगळे ऐकू यायचे तर भिंत निदान १७ मीटर दूर हवी.

३. (३ अक्षरे) चंद्राच्या गुरुत्वाकर्षणामुळे समुद्राचे पाणी किनाऱ्यावर चढते. एकदा चढल्यानंतर पुन्हा चढायला साधारण १२ तास २५ मिनिटे लागतात.

५. (३ अक्षरे) वस्तुमान भागिले आकारमान. पाण्याच्या बाबतीत ही राशी ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते. बर्फाची ती पाण्यापेक्षा कमी, म्हणून थंडीत तळे वरून गोठते आणि खाली मासे जिवंत राहतात.

७. (३ अक्षरे) १८२२ साली एका तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. माणूस वाचला, पण जठराला पडलेले भोक कायमचे उघडे राहिले. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी पुढे रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले आणि ठरावीक वेळाने दोरा ओढून काय उरले ते पाहिले. जठररस बाहेर काढून बाटलीतही हाच प्रयोग केला. ते कोणत्या क्रियेचा अभ्यास करत होते? (ही क्रिया तोंडातच, लाळेपासून सुरू होते.)

८. (४ अक्षरे) ४०० मीटरच्या धावपट्टीवर पूर्ण फेरी मारून सुरुवातीच्या रेषेवर आलात. घाम आला, पण ही राशी शून्यच राहिली.

*उभे शब्द*

१. (४ अक्षरे) परागकोशातून कुक्षीपर्यंतचा प्रवास. वाहक कधी मधमाशी, कधी वारा.

२. (५ अक्षरे) एका पारदर्शक माध्यमातून दुसऱ्यात तिरपे शिरताना प्रकाश आपली दिशा बदलतो. याचा नियम स्नेल यांनी १६२१ मध्ये शोधला. हवेच्या सापेक्ष पाण्याचा यासंबंधीचा अंक सुमारे १.३३.

४. (३ अक्षरे) तांब्याच्या सळईवर मेणाने टाचण्या चिकटवल्या आणि एक टोक तापवले. टाचण्या ज्योतीकडून दुसऱ्या टोकाकडे एकेक करून गळाल्या. उष्णता पुढे गेली, सळईतले कण मात्र जागा सोडून गेले नाहीत.

६. (४ अक्षरे) उणे ४० वर सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोन्ही मापनश्रेणींत एकच आकडा येतो. कशाचा आकडा? ही राशी कणांच्या सरासरी गतिज ऊर्जेशी निगडित आहे. एसआय एकक केल्विन.

भाग २: दडलेला शब्द (४ गुण)

तिन्ही शब्द ओळखा. प्रत्येकातले सांगितलेले अक्षर उचला, ती क्रमाने जोडा.

क. बस एकदम थांबली की उभे प्रवासी पुढे झुकतात. वस्तूच्या या गुणधर्माचे माप म्हणजे तिचे वस्तुमान. तीन अक्षरी, तिसरे अक्षर घ्या.

ख. लोखंडी खिळा ओल्या हवेत तांबूस होत जातो, चांदीचे भांडे काळवंडते. धातूच्या या झिजेला रोखण्यासाठी लोखंडावर जस्ताचा थर देतात. तीन अक्षरी, दुसरे अक्षर घ्या.

ग. माणसाच्या बहुतेक पेशींत यांच्या २३ जोड्या. ही संख्या पक्की झाली ती १९५६ साली; त्याआधीची कित्येक वर्षे पाठ्यपुस्तके बिनदिक्कत ४८ छापत होती! चार अक्षरी, एकवचनी शब्द. दुसरे अक्षर घ्या.

दडलेला शब्द: मोकळ्या सोडलेल्या वस्तूच्या बाबतीत पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ याचे मूल्य सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग.

भाग ३: शब्द भरलात, आता अर्थ सांगा (६ गुण)

पुढीलपैकी कोणत्याही तीन जोड्यांतला फरक दोन-दोन वाक्यांत लिहा. पाठ केलेली व्याख्या चालेल, पण उदाहरण तुमचे हवे. उदाहरणाशिवाय एकच गुण.

उभे ६ आणि उष्णता
आडवे ८ आणि अंतर
आडवे १ आणि उभे २
उभे १ आणि फलन

भाग ४ (१ गुण)

‘संप्लवन’ या शब्दासाठी कोड्यात शोभेल असे एक वाक्य तयार करा. त्यात डांबराची गोळी आणायची नाही. ती सगळेच आणतात.

---

उत्तरे आणि तपासणी (फक्त शिक्षकांसाठी)

आडवे: १ परावर्तन, ३ भरती, ५ घनता, ७ पचन, ८ विस्थापन.
उभे: १ परागण, २ वक्रीभवन, ४ वहन, ६ तापमान.

भाग २: जडत्व, क्षरण, गुणसूत्र. दडलेला शब्द त्वरण.

‘वक्रिभवन’सारख्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला अर्धा गुण द्यावा, शून्य नको. आपण भाषेचा पेपर तपासत नाही आहोत. ‘परावर्तन’ऐवजी ‘परिवर्तन’ लिहिले असेल तर मात्र गुण नाही, तो शब्दच वेगळा. उभ्या १ चे ‘रा’ तिथे कामाला येत नाही, त्यामुळे ही चूक कोड्यात आपोआप उघडी पडत नाही. लक्ष ठेवून पाहावी लागते.

आडव्या ३ ला काही जण ‘ओहोटी’ भरतील. तीन अक्षरे जुळतात, पण उभ्या २ चा ‘भ’ आडवा येतो. ज्यांनी ‘ओहोटी’ तशीच ठेवली आणि वक्रीभवनाचा ‘भ’ गिळला, त्यांना दोन्हींचे गुण नाहीत. आडव्या ७ ला ‘श्वसन’ही शेवटच्या ‘न’पर्यंत बसते, तिथे ‘प’ मिळतो तो फक्त उभ्या ६ मधून. तेव्हा ‘श्वसन’ लिहिणाऱ्याचे बहुधा ‘तापमान’ही अडलेले असेल. उष्णता आणि तापमान यांत त्याची गफलत आहे का, हे भाग ३ मधल्या पहिल्या जोडीवरून कळेल. ती जोडी त्याने टाळली असेल तर तोंडी विचारून घ्यावे.

भाग ३ मध्ये पुढील मुद्दे यावेत. तापमान ही पातळी आहे आणि उष्णता हे ऊर्जेचे हस्तांतर: कपभर उकळते पाणी आणि बादलीभर कोमट पाणी यांची तुलना केली तर दोन गुण. विस्थापनाला दिशा असते, अंतराला नसते. परावर्तनात माध्यम तेच राहते, वक्रीभवनात बदलते. फलन म्हणजे दोन युग्मकांचे मीलन. परागण झाले तरी ते होईलच असे नाही, हे कुणी लिहिले तर मोकळ्या हाताने गुण द्यावेत.

भाग ४ मध्ये स्थायूपासून थेट वायू, मधे द्रव नाही, एवढे आले की पुरे. शुष्क बर्फ, आयोडीन, कापूर, नवसागर ही उदाहरणे ग्राह्य. ओले कपडे वाळण्याचे उदाहरण ग्राह्य नाही, ते बाष्पीभवन.