विभागप्रमुखांच्या वागणुकीबाबत आपण दिलेल्या तक्रारीस उत्तर

मनुष्यबळ विभाग, चाकण कारखाना
दिनांक : 24 जून 2024
खासगी, समक्ष देण्यासाठी

प्रति,
श्री. जाधव
सीएनसी ऑपरेटर, मशीन शॉप, लाइन क्रमांक 4

विषय : आपला 18 जून 2024 चा तक्रार अर्ज

श्री. जाधव, स. न.

आपला चार पानी अर्ज आणि सोबतची कागदपत्रे 18 जूनला मिळाली. मी ती दोनदा वाचली. अर्ज लिहायला आपल्याला सोपे गेले नसणार, हे त्यातून दिसते. रोज ज्यांच्या हाताखाली काम करायचे, त्यांच्याविरुद्ध सही करून लेखी देणे कुणालाच सोपे नसते. आपण ते योग्य मार्गाने केलेत आणि त्यामुळे आपले कोणतेही नुकसान होऊ नये, ही जबाबदारी माझी आहे.

आपले म्हणणे मला नीट कळले आहे ना, हे आधी पाहू. माझ्या वाचण्यात काही सुटले किंवा चुकले असेल, तर बैठकीपूर्वी सांगा. आपल्या म्हणण्याप्रमाणे 1 एप्रिल ते 15 जून या 11 आठवड्यांत आपल्याला 7 आठवडे तिसरी पाळी लागली आणि लाइनवरच्या इतर ऑपरेटरांना ती इतकी लागली नाही. आईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मागितलेली 20 ते 24 मेची रजा नाकारली गेली, त्याच आठवड्यात दोघांची रजा मात्र मंजूर झाली. 2023-24 च्या मूल्यमापनात ‘सी’ श्रेणी मिळाली, पण कारण सांगितले गेले नाही. मे महिन्याचा ओव्हरटाइम आपल्या डायरीत साडेबावीस तास आहे, पगारपत्रकात 14 तास. आणि 11 जूनला पाळी बदलताना विभागप्रमुख सर्वांसमोर आपल्याला अपमानास्पद बोलले.

या पत्राची मर्यादा आताच स्पष्ट करते. अर्जात लिहिलेल्या गोष्टी घडल्या असे मी इथे मान्य करत नाही, घडल्या नाहीत असेही म्हणत नाही. विभागप्रमुखांचे म्हणणे अजून घेतलेले नाही. ते घेण्याआधी कुणाचा दोष आहे वा नाही असे लिहिले, तर पुढच्या चौकशीवर आपण आणि ते, दोघांनीही विश्वास ठेवू नये. म्हणून कंपनीने काही चूक किंवा उत्तरदायित्व स्वीकारले आहे, असा या पत्रातल्या कोणत्याही वाक्याचा अर्थ घेऊ नये. त्याचबरोबर आपल्या अर्जाकडे गैरसमज किंवा किरकोळ कुरबुर म्हणून पाहिले जात आहे, असाही अर्थ घेऊ नये. अर्ज गंभीर आहे आणि तो त्याच गांभीर्याने हाताळला जाईल.

11 जूनच्या प्रसंगाबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे वेळ महत्त्वाचा आहे. आपण वेळ दुपारी 2:50 ची दिली आहे. लाइन 4 च्या तोंडाशी कॅमेरा आहे, पण कारखान्यातले चित्रीकरण साधारण 30 दिवसांनी पुसले जाते आणि त्यावर नवे चढते. त्यामुळे अर्ज मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी, 19 जूनला, सुरक्षा विभागाला लेखी कळवून 2:30 ते 3:15 पर्यंतचा भाग वेगळा काढून ठेवायला सांगितला आणि तो ठेवल्याची पोच घेतली. या कॅमेऱ्यात आवाज येत नाही. कोण कुठे उभे होते, किती वेळ उभे होते, हे त्यात दिसेल. कोण काय बोलले ते नाही. शब्दांसाठी साक्षीदारच लागतील. आपण तिघांची नावे दिली आहेत. त्या वेळी दोन्ही पाळ्यांची माणसे तिथे असतात, म्हणून हजेरी यंत्रावरून आणखी कोण जवळपास होते ते पाहू आणि त्यांच्याकडेही विचारणा करू. फक्त आपण सुचवलेल्या माणसांनाच विचारले, असे उद्या कुणी म्हणायला नको. या तिघांशी आपण काय सांगायचे याबद्दल कृपया बोलू नका. तसे बोलणे झाले, तर खरी साक्षही पढवलेली ठरवली जाते.

विभागप्रमुख ‘तुमच्यासारखे लोक असेच असतात’ असे म्हणाले, असे आपण लिहिले आहे. त्यातून आपल्याला काय अभिप्रेत वाटले, ते बैठकीत मोकळेपणाने सांगा. रोख कामाच्या पद्धतीवर होता असे वाटले तर ते तसे नोंदवू. जात, धर्म किंवा गाव यांवर होता असे वाटले तर तेही सांगा, कारण त्या बाबीची चौकशी वेगळ्या मार्गाने आणि वेगळ्या गांभीर्याने करावी लागते. मी माझ्या मनाने त्याचा कोणताच अर्थ लावलेला नाही.

ओव्हरटाइमचा प्रश्न मी बाकीच्या तक्रारीतून बाजूला काढला आहे. दिवसाला 9 तासांपेक्षा किंवा आठवड्याला 48 तासांपेक्षा जास्त काम झाले, तर कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 59 प्रमाणे जास्तीच्या तासांना दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. हा हिशेब आहे आणि तो कुणाच्या वागणुकीच्या निकालाची वाट पाहत बसू नये. पगार विभाग हजेरी यंत्रावरची आत-बाहेरची वेळ, ओव्हरटाइमची मंजुरी चिठ्ठी आणि पगारपत्रक या तिन्हींची तुलना 3 जुलैपर्यंत करेल. असे फरक बहुधा एकाच ठिकाणी पडतात : माणूस थांबलेला असतो, पण मंजुरी चिठ्ठी त्या दिवशी न बनता दुसऱ्या दिवशी बनते किंवा बनतच नाही. इथे काय झाले ते कागद पाहूनच कळेल. फरक निघाला तर तो जूनच्या पगारासोबत 5 जुलैला मिळेल. रक्कम दिली म्हणजे कुणी मुद्दाम तास कापले असे कंपनीने मान्य केले, असे होत नाही. आपणही ती स्वीकारलीत म्हणून बाकीची तक्रार मागे घेतली, असे होणार नाही. डायरीतल्या मेच्या पानांची छायाप्रत द्या, मूळ डायरी स्वतःजवळच ठेवा.

रजेबद्दल. शस्त्रक्रियेच्या दिवशी आपण आईंजवळ नव्हता, हे वाचून वाईट वाटले. त्यांची दृष्टी आता ठीक असेल अशी आशा आहे. रजेचा अर्ज 2 मेचा आहे, म्हणजे रजेच्या 18 दिवस आधीचा. भरपगारी रजेसाठी 15 दिवस आधी अर्ज लागतो, त्यामुळे उशिराचा मुद्दा इथे येत नाही. नकार कोणत्या कारणाने दिला, त्या आठवड्यात लाइनवर किती माणसे होती, मंजूर झालेल्या दोन रजा कधी आणि कशासाठी मागितल्या होत्या, हे विचारले जाईल. त्या दोघांच्या रजेची कारणे मात्र आपल्याला सांगता येणार नाहीत, ती त्यांची खासगी माहिती आहे.

तिसऱ्या पाळीसाठी छापील पाळीपत्रक पुरेसे नाही, कारण पाळी ऐनवेळी बदलली तरी पत्रक बहुतेक वेळा जुनेच राहते. म्हणून लाइन 4 वरच्या आपल्याच श्रेणीतल्या सर्व ऑपरेटरांची 11 आठवड्यांची प्रत्यक्ष हजेरी काढायला सांगितली आहे, बदल कुणी आणि का केला या नोंदींसह. मूल्यमापनाबाबत, आपण जोडलेल्या प्रतीत ‘वागणुकीत सुधारणा हवी’ असा शेरा आहे आणि नाकारलेल्या मालाचे प्रमाण 1.5 टक्क्यांच्या मर्यादेपुढे 0.9 टक्के नोंदले आहे. शेऱ्याला आधार म्हणून कोणते प्रसंग धरले आणि ते वर्षभरात आपल्याशी कधी बोलले गेले का, हे विभागप्रमुखांना लेखी विचारले जाईल. श्रेणी बदलली, तर वेतनवाढीचा परिणाम 1 एप्रिल 2024 पासून धरला जाईल.

तक्रार आपल्या तक्रार निवारण समितीपुढे जाईल. समितीत व्यवस्थापनाचे 3 आणि कामगारांचे 3 सदस्य आहेत. त्यांपैकी एक सदस्य याच विभागप्रमुखांच्या हाताखाली काम करतात, ते या प्रकरणात बसणार नाहीत. त्यांच्या जागी कामगार बाजूचाच पर्यायी सदस्य येईल. आपली बैठक गुरुवारी 27 जूनला सकाळी 11 वाजता प्रशासकीय इमारतीतल्या प्रशिक्षण खोलीत ठेवली आहे. त्या आठवड्यात आपली पहिली पाळी आहे, बैठकीचा वेळ कामाचा वेळ म्हणूनच धरला जाईल. 28 आणि 29 तारखेला देहू-आळंदीहून पालख्यांचे प्रस्थान असल्याने आळंदीहून येणे आपल्याला अवघड जाईल, म्हणून ते दिवस टाळले. सोबत एक सहकारी किंवा संघटनेचा प्रतिनिधी आणता येईल. आपले निवेदन मराठीत लिहून घेतले जाईल, आपण वाचून दुरुस्त केल्यावरच सही घेतली जाईल आणि प्रत त्याच दिवशी दिली जाईल.

विभागप्रमुखांना आपले आरोप कळवावे लागतील, त्याशिवाय ते उत्तर देऊ शकत नाहीत. आपले नाव त्यांच्यापासून लपवता येईल असे खोटे आश्वासन मी देत नाही. आपण अर्ज केला म्हणून आपल्याशी वेगळे वागायचे नाही आणि साक्षीदारांना या विषयावर विचारायचे नाही, अशी लेखी सूचना त्यांना आज दिली आहे. आजपासून निकाल लागेपर्यंत आपली पाळी, रजा आणि ओव्हरटाइम यांची मंजुरी उपउत्पादन प्रमुख देतील. आईंच्या पुढच्या तपासणीसाठी रजा लागली तर अर्ज त्यांच्याकडे द्या. ही तात्पुरती सोय आहे, विभागप्रमुखांवरची कारवाई नाही. आपल्याला दुसऱ्या लाइनवर हलवण्याची सूचनाही पुढे आली होती, ती मी स्वीकारली नाही. तक्रार करणाऱ्यालाच जागेवरून हलवले की ती शिक्षा वाटते. आपल्याला स्वतःला बदल हवा असेल तर तसे लेखी कळवा.

18 जूननंतर त्रास झाला असे वाटले, तर तारीख, वेळ आणि हजर असलेल्यांची नावे लिहून थेट माझ्याकडे द्या. समितीच्या निकालाची वाट पाहू नका.

समितीचा लेखी निष्कर्ष 18 जुलैपर्यंत, म्हणजे अर्ज मिळाल्यापासून 30 दिवसांत, कारणांसह दिला जाईल. पाचही मुद्द्यांवर स्वतंत्र उत्तर असेल. एखादा मुद्दा सिद्ध न झाल्यास कोणता पुरावा अपुरा पडला तेही लिहिले जाईल. कुणावर शिस्तभंगाची कारवाई झाली, तर तिचा तपशील सांगता येणार नाही. निष्कर्ष मान्य नसेल तर 15 दिवसांत कारखाना प्रमुखांकडे अपील करता येईल आणि त्यावर एका महिन्यात निर्णय होईल. कायद्याने खुले असलेले आपले इतर मार्ग यामुळे बंद होत नाहीत.

या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सही करून ती परत द्यावी. ती सही फक्त पत्र मिळाल्याची पोच आहे, मजकूर मान्य असल्याची नाही.

आपली,
मनुष्यबळ व्यवस्थापक
चाकण कारखाना

सोबत : तक्रार निवारण कार्यपद्धतीची मराठी प्रत, आपल्या अर्जाची पोच, आवक शिक्क्यासह
प्रत : सचिव, तक्रार निवारण समिती (बंद पाकिटातून). आपल्या वैयक्तिक नस्तीत या पत्राची प्रत लावलेली नाही.